मंगल कार्यालयात टांगती सजावट पाहुण्यांवर पडली तर: कुटुंबाला आणि विमा कंपनीला द्यायचा अहवाल कसा लिहावा

तालुक्याच्या गावातल्या एका मंगल कार्यालयाचं व्यवस्थापन मी पाहतो. आमच्याकडे एका लग्नात डेकोरेटरने टांगलेलं फुलांचं झुंबर पंगतीच्या वेळी खाली आलं आणि तिघांना लागलं. त्याचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा आजूबाजूच्या जवळपास प्रत्येकाने एकच सल्ला दिला: दोन कागद करा, कुटुंबाला गोड शब्दांत थोडक्यात लिहा आणि विमा कंपनीला सविस्तर कळवा.

हा सल्ला ऐकू नका. उद्या प्रकरण ग्राहक आयोगात किंवा पोलीस ठाण्यात गेलं, तर दोन्ही कागद एकाच टेबलावर येतात. एकात ‘सजावट सैल झाली’ आणि दुसऱ्यात ‘तार क्लिपमधून निसटली’ असं असेल, तर दोन्ही खोटे ठरतात. घटनेचं वर्णन एकच असू द्या, त्याला मी पुढे घटनावृत्त म्हणतो. त्याच्यासोबत दोन वेगळी पत्रं जोडायची, एक जखमींच्या कुटुंबाला आणि एक विमा कंपनीला. पत्रांची भाषा वेगळी असेल. घटनावृत्तातला एक शब्दही वेगळा असता कामा नये.

आधी हे कागद एका फायलीत आणा:

- बुकिंगचं करारपत्र आणि पावत्या, सजावट कोणी ठरवली हे सांगणारं कलम असेल तर त्यासह
- डेकोरेटरची ऑर्डर, कोटेशन, त्याच्याशी झालेले व्हॉट्सअॅप संदेश
- सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी, फक्त पहिलं पान नव्हे तर अटींची सगळी पानं
- कामगारांच्या नुकसानभरपाईची पॉलिसी, असल्यास
- छताच्या हुकांची किंवा गर्डरची शेवटची तपासणी ज्यात लिहिली आहे ते देखभाल रजिस्टर
- गेटवरच्या वॉचमनची वही (डेकोरेटरची माणसं कधी आली, कधी गेली)

पॉलिसीबद्दल एक खुलासा इथेच करतो. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा ज्वलनशील, विषारी अशा घातक पदार्थांसाठी आहे. कार्यालयाची पॉलिसी त्या कायद्याखालची नसते. ‘बिगर-औद्योगिक जोखीम’ या प्रकारची वेगळी सार्वजनिक दायित्व पॉलिसी असते. एजंटने नेमकी कोणती दिली आहे, हे आजच पाहून ठेवा.

## १. पहिला तास

१०८ ला फोन करा किंवा जी गाडी आधी मिळेल तिने जखमींना हलवा. कोणाला, कोणत्या गाडीने, कोणत्या दवाखान्यात, किती वाजता नेलं आणि सोबत कोण गेलं, एवढं त्याच वेळी मोबाइलमध्ये टिपून ठेवा. नंतर आठवून लिहिलेली वेळ आणि दवाखान्याच्या कागदावरची वेळ जुळत नाही.

इथेच एक मोठा खड्डा आहे. लग्नघरात पोलीस नकोत म्हणून कोणीतरी वडीलधारं माणूस डॉक्टरांना सांगून टाकतं, ‘जिन्यावरून पडल्या.’ हेतू चांगला असतो, पण केसपेपरवर तेच उतरतं. मग त्या बाईंचा स्वतःचा मेडिक्लेम अडतो, आणि कार्यालयाच्या विम्यातून भरपाई मिळण्याची वाटही बंद होते, कारण कागदाप्रमाणे त्यांच्यावर काही पडलेलंच नसतं. सोबत तुमचा एक समजदार माणूस पाठवा आणि त्याला बजावा: ‘टांगती सजावट अंगावर पडली’ एवढंच खरं सांगायचं. डॉक्टर वैद्यकीय-न्यायिक प्रकरण म्हणून नोंद करतील आणि पोलिसांना कळवतील. करू द्या. ती नोंद पुढे सगळ्यांच्याच कामी येते.

हॉलमध्ये त्याच वेळी दुसरं काम सुरू झालं पाहिजे. एक झुंबर पडलं, म्हणजे त्याच माणसांनी त्याच पद्धतीने टांगलेली बाकीचीही पडू शकतात. आमच्याकडे अशी पाच होती. उरलेल्या चारांखालची माणसं आधी हलवा, पंगत दुसरीकडे बसवा, खुर्च्या आडव्या लावून दोर बांधा आणि त्या भागाचा विजेचा स्विच वरून बंद करा. मात्र न पडलेली झुंबरं घाईने उतरवू नका. प्रत्येकाच्या टांगणीचे जवळून फोटो घेतल्यावरच उतरवा. पडलेलं झुंबर मुळात कसं बांधलं होतं, हे दाखवणारी तीच जागा शिल्लक असते.

डेकोरेटरची पोरं तेवढ्यात झाडू घेऊन येतील. त्यांना वाटतं आपण मदत करतोय, आणि खरंच वाटतं. पण तुटलेले तुकडे टेम्पोत गेले की परत येत नाहीत. दारावर माणूस उभा करा आणि एकही तुकडा, तार किंवा क्लिप बाहेर जाऊ देऊ नका.

## २. जागेची नोंद

फोटो तीन अंतरांवरून काढा: संपूर्ण हॉल दिसेल असा, मग पडलेली जागा, मग प्रत्येक तुकडा शेजारी मोजपट्टी ठेवून. त्यानंतर वर पाहा. छताचा हुक, त्यात अडकलेलं काही राहिलं असेल तर ते, आणि आजूबाजूचं पीओपी. निम्म्या व्यवस्थापकांकडे फरशीचे पन्नास फोटो असतात आणि हुकाचा एकही नसतो. पुढे सगळा प्रश्न याच हुकाभोवती फिरतो, कारण हुक कार्यालयाचा असतो आणि त्याखालचं बहुतेक सगळं डेकोरेटरचं.

पोलीस आले तर पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावू नका. पंचनाम्यानंतर जे तुमच्या ताब्यात राहील ते गोणपाटात किंवा खोक्यात भरा, प्रत्येकावर चिठ्ठी लावा (काय, कुठे सापडलं, केव्हा, कोणी उचललं) आणि कुलूपबंद खोलीत ठेवा.

सीसीटीव्हीसाठी दोन गोष्टी. डीव्हीआरची डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. ते किती दिवसांनी होईल हे डिस्कच्या आकारावर आणि कॅमेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असतं, म्हणून त्याच दिवशी चित्रण उतरवून घ्या, शक्य असेल तर मूळ डिस्कच काढून नवी बसवा. आणि डीव्हीआरचं घड्याळ तपासा. आमचं सात मिनिटं पुढे होतं. पडद्यावरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत घ्या, फरक घटनावृत्तात लिहा, पण घड्याळ दुरुस्त करू नका. आदल्या रात्रीपासूनचं चित्रण ठेवा, कारण टांगण्याचं काम रात्री होतं. आमच्याकडे पडण्याच्या क्षणापेक्षा पहाटेचं चित्रण जास्त उपयोगी पडलं. त्यात पोरं पाइपने फुलांवर पाणी मारताना दिसत होती.

## ३. विमा कंपनीला त्याच दिवशी सूचना

पूर्ण अहवाल तयार होईपर्यंत थांबू नका. दायित्वाच्या पॉलिसीत ‘शक्य तितक्या लवकर लेखी कळवणे’ ही अट असते. एजंटला फोन केला म्हणजे कंपनीला कळवलं असं होत नाही. ईमेल करा आणि त्याची पोच जपून ठेवा. आमचा मजकूर असा होता:

> ‘पॉलिसी क्रमांक … अन्वये कळवतो की, आज दुपारी सुमारे १२:५० वाजता आमच्या हॉलमध्ये छताला टांगलेले सजावटीचे झुंबर खाली पडून तीन व्यक्ती जखमी झाल्या आहेत. जखमींना दवाखान्यात हलवले आहे. अद्याप कोणाचीही लेखी मागणी आलेली नाही. अवशेष व चित्रण सुरक्षित ठेवले आहे. सर्व्हेअरची भेट लवकर ठरवावी. सविस्तर घटनावृत्त पाठवत आहोत.’

‘अद्याप मागणी आलेली नाही’ हे वाक्य मुद्दाम घातलं आहे. या पॉलिसी बहुधा मागणी केव्हा आली यावर चालतात. नुसती घटना मुदतीत घडून भागत नाही. आणि जखमी माणसाला ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षं असतात. पॉलिसी संपल्यावर मागणी आली, तरी घटनेची सूचना मुदतीत दिलेली असली तर अनेक पॉलिसींत संरक्षण टिकतं. ‘कुटुंब चांगलं आहे, काही मागणार नाहीत’ म्हणून न कळवणं हा सगळ्यात महागडा चांगुलपणा आहे.

दुसरी अट त्याहून नाजूक आहे: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही, भरपाईचं वचन द्यायचं नाही, रक्कम द्यायची नाही. म्हणजे दवाखान्याच्या काउंटरवर पैसे मागितले तर हात वर करायचे का? मुळीच नाही. उपचार अडू देऊ नका. त्याच मिनिटाला कंपनीला ईमेल टाका की तातडीच्या उपचारासाठी इतकी रक्कम भरत आहोत, ती जबाबदारी मान्य न करता माणुसकीच्या नात्याने भरत आहोत आणि आपली संमती कळवावी. पावती दवाखान्याच्या नावाची घ्या. नातेवाइकांच्या हातात रोख देऊ नका, कारण त्या रकमेला नंतर कोणी तडजोड म्हणेल, कोणी कबुली म्हणेल.

## ४. पाहिलेल्यांची निवेदनं

ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लिहून घ्या, आणि एकेकट्याने. चार वाढपी एकत्र बसवले की चौघांचं एकच निवेदन तयार होतं. तुम्ही मजकूर सांगू नका. ‘तुम्ही कुठे उभे होता, काय पाहिलं, काय ऐकलं’ एवढंच विचारा आणि त्यांच्याच बोलीत उतरवा. आमच्या एका वाढप्याने सांगितलं, ‘आधी टक् असा आवाज आला, मी वर बघितलं तर झुंबर एका अंगाला कलतं, मग आलंच खाली.’ याचं ‘झुंबर एका बाजूस झुकून कोसळले’ असं केलं की त्यातला आवाज हरवतो. अहवालातली नेमकी तीच गोष्ट सर्व्हेअरने, म्हणजे विमा कंपनीने पाहणीसाठी पाठवलेल्या माणसाने, पुन्हा पुन्हा विचारली.

ऐकीव गोष्टी वेगळ्या ठेवा. ‘सकाळी डेकोरेटरचा पोरगा म्हणत होता की हे जड झालंय’ हे वाक्य कोणी कोणाला सांगितलं आणि तुम्हाला कोणी सांगितलं, हे नोंदवल्याशिवाय घेऊ नका.

जखमींकडून निवेदन मागायला दवाखान्यात जाऊ नका. त्यांना सांगायचं असेल तेव्हा ते सांगतील.

## ५. घटनावृत्त

आता मुख्य काम. लिहिताना प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे मला कसं माहीत? स्वतः पाहिलं, मोजलं, कागदावर आहे, की कोणी सांगितलं? उत्तर वाक्यातच दिसलं पाहिजे. ज्याला उत्तर नाही ते वाक्य काढा.

क्रम साधा ठेवा: जागा आणि कार्यक्रम, टांगलेली वस्तू आणि ती कोणी टांगली, घटना, जखमी, घटनेनंतर केलेली कामं, अवशेषांची स्थिती, जोडलेले कागद. जखमींची नावं घटनावृत्तात घालू नका. पाहुणी १, पाहुणा २, वाढपी १ असं लिहा आणि नावांची यादी वेगळ्या बंद पाकिटात विमा कंपनीला द्या. हा कागद किती हातांतून जाईल ते सांगता येत नाही, आणि कोणाच्या डोक्याला किती टाके पडले हे गावभर व्हायचं कारण नाही.

जबाबदारीची सगळी रेषा टांगणीतून जाते, म्हणून तो भाग छतापासून खाली एकेक करून लिहा. आमच्या अहवालातला मजकूर देतो:

> ‘छताच्या लोखंडी गर्डरला कार्यालयाने बसवलेला हुक आहे. घटनेनंतर हुक जागेवर होता. वाकलेला किंवा तडकलेला दिसला नाही (फोटो १४, १५). हुकातून ६ मिमी जाडीची पोलादी तार फासाने अडकवलेली होती. फास दोन क्लिपांनी आवळलेला होता. तार, क्लिपा व झुंबर डेकोरेटरने आणले व त्याच्या माणसांनी आदल्या रात्री टांगले (गेट वही, चित्रण). घटनेनंतर तार झुंबराच्या कड्यासह फरशीवर होती. तारेचे टोक तुटलेले नाही. टोकाजवळ दाबल्याच्या दोन खुणा आहेत (फोटो २२). दोन्ही क्लिपा फरशीवर वेगवेगळ्या सापडल्या.’

यात ‘क्लिपा नीट आवळल्या नव्हत्या’ असं कुठेही नाही, आणि तरी वाचणाऱ्या जाणकाराला हवं ते सगळं आहे. तुटलेल्या तारेचे धागे विस्कटून बाहेर येतात. निसटलेल्या तारेचं टोक शाबूत असतं आणि त्यावर क्लिपचे ओरखडे असतात. ६ मिमीच्या पोलादी तारेची तुटण्याची ताकद दीड-दोन टनांच्या घरात असते, त्यामुळे अशा झुंबराने ती तुटणं मुळातच अवघड. कमजोर जागा असते ती फासाची.

त्या फासाबद्दल दोन शब्द, कारण व्यवस्थापकाला हे कळलं तर तो योग्य फोटो काढतो. क्लिपेचे दोन भाग असतात, एक यू आकाराचा बोल्ट आणि एक खाचांचं बूड. बूड भार घेणाऱ्या तारेवर बसायला हवं आणि यू मोकळ्या टोकावर. उलट बसवलं तर यू भाराच्या तारेला चिरडतो आणि पकड कमी होते. या जाडीच्या तारेला साधारण तीन क्लिपा लावतात, आणि भार आल्यावर नट पुन्हा आवळावे लागतात, कारण ताणाखाली तार किंचित बारीक होते. आमच्याकडे न पडलेल्या चारही झुंबरांना दोन-दोन क्लिपा होत्या आणि तीन झुंबरांत यू भाराच्या तारेवर होता. घटनावृत्तात आम्ही एवढंच लिहिलं आणि फोटोंचे क्रमांक दिले. ‘म्हणून पडलं’ हे शब्द सर्व्हेअरसाठी सोडले. नट सैल आहेत का, हे आम्ही हात लावून पाहिलं नाही. ते सर्व्हेअरने पंचांसमोर पाहिलं.

वजनाचा भागही असाच. डेकोरेटरच्या कोटेशनमध्ये ‘अंदाजे ३५ किलो’ होतं. पंचनाम्यानंतर, पोलिसांची परवानगी घेऊन, आम्ही अवशेष कोठीतल्या वजनकाट्यावर तोलले आणि काट्याचे फोटो घेतले: लोखंडी कडं आणि दिवे २४ किलो, फुलं खोचायचा ओला फोम २१ किलो, फुलं आणि पाला १४ किलो. एकूण ५९. हा आकडा खालचा आहे, कारण पडल्यावर फोममधलं पाणी फरशीवर सांडलं होतं, आणि तेही आम्ही लिहिलं. एका विटेएवढा फोम भिजला की सुमारे दोन किलो पाणी धरतो. कोरड्या झुंबराचं वजन आणि पहाटे पाणी मारलेल्या झुंबराचं वजन यांत किती अंतर पडतं, हे कोटेशन लिहिणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. तुमच्याकडे ताज्या फुलांची सजावट असेल तर वजन त्याच दिवशी करा. फोम वाळला की हा पुरावा हवेत जातो.

काही वाक्यं नव्या माणसाच्या हातून हमखास येतात. त्यांची दुरुस्ती अशी:

‘डेकोरेटरच्या निष्काळजीपणामुळे झुंबर पडले’ असं लिहू नका. ‘झुंबर डेकोरेटरच्या माणसांनी टांगले, टांगल्यानंतर कार्यालयातर्फे त्याची तपासणी झाल्याची नोंद रजिस्टरमध्ये नाही’ असं लिहा. यातला दुसरा भाग नकोसा वाटेल. तो असू द्या. तुमच्या बाजूची गैरसोयीची गोष्ट तुम्हीच लिहिली असेल, तर बाकीच्या गोष्टींवर विश्वास बसतो.

‘पाहुण्यांना किरकोळ दुखापत झाली’ नको. किरकोळ की गंभीर हे डॉक्टर ठरवतात, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली साध्या आणि गंभीर दुखापतीला शिक्षा वेगवेगळी आहे. ‘पाहुणी १: डोक्यास जखम, टाके, उजव्या बाजूचे गळ्याचे हाड मोडल्याचे केसपेपरवर नमूद’ असं कागदाच्या आधाराने लिहा.

‘दुर्दैवाने’, ‘अचानक’, ‘दैवी आपत्ती’ हे शब्द काढा. विमा कंपनीच्या भाषेत दैवी आपत्ती म्हणजे भूकंप, वीज, वादळ. बंद हॉलमधलं झुंबर त्यात बसत नाही. आणि जिचं हाड मोडलं तिला हा शब्द वाचून राग येईल, तो रास्तच असेल.

## ६. कुटुंबाला पत्र

आधी ठरवा, कुटुंब म्हणजे कोण. बुकिंग बहुधा वधूच्या वडिलांनी केलेलं असतं आणि जखमी अनेकदा वरपक्षाकडचे असतात. आमच्याकडे पाहुणी १ ही नवरदेवाची आत्या होती. वधूपित्याच्या हातून निरोप पाठवायची सगळ्यांना सवय असते, पण इथे ते करू नका. नव्या सोयरिकीत त्या माणसाला तुमच्या कार्यालयाचा वकील बनवल्यासारखं होतं. जखमींच्या घरी थेट लिहा, आणि बुकिंग करणाऱ्यांना वेगळं पत्र द्या.

पत्र पाठवायच्या आधी स्वतः जाऊन भेटा. मालकांनाही घेऊन जा. पैशांचं बोलणं काढू नका, ते काढतील तर एवढंच सांगा: ‘काकू, विमा कंपनीला कळवलंय, सर्व्हेअर येईल. तुमची मागणी असेल ती लेखी द्या, मी स्वतः पुढे पाठवतो.’ आमचं पत्र असं होतं:

> ‘मा. श्री. … यांस, स. न. वि. वि.
> आमच्या कार्यालयात दि. … रोजी घडलेल्या घटनेत आपल्या सौभाग्यवतींना इजा झाली, त्यांना वेदना सोसाव्या लागत आहेत, याचे आम्हा सर्वांना मनापासून दुःख आहे. काय घडले हे जाणून घेण्याचा आपला हक्क आहे, म्हणून घटनावृत्ताची प्रत सोबत जोडली आहे. विमा कंपनीकडे गेलेली प्रत हीच आहे. कारणाची तपासणी सर्व्हेअर करणार असून, आमच्याकडे येणारी नवी माहिती आम्ही आपणास कळवू. उपचारांची बिले, केसपेपर व कामावरील रजेचे दाखले जपून ठेवावेत. आपली जी मागणी असेल ती आमच्या नावे लेखी द्यावी. ती त्याच दिवशी विमा कंपनीकडे पाठवली जाईल. यासाठी मला केव्हाही फोन करावा.’

दुःख व्यक्त करणं म्हणजे जबाबदारी मान्य करणं नव्हे. ‘आमच्या चुकीमुळे’ लिहिलं तर ती कबुली होते, ‘आपल्याला झालेल्या त्रासाचं दुःख आहे’ ही नाही. वकिलाच्या भीतीने दुःखाचा शब्दच गाळलेली पत्रं मी पाहिली आहेत, आणि तशा पत्रानंतर कुटुंब थेट नोटीसच पाठवतं.

घटनावृत्ताची प्रत कुटुंबाला द्यावी का, यावर विमा कंपनी कुरकुर करू शकते. आधी कंपनीला आणि तुमच्या वकिलांना दाखवा. त्यांनी निष्कर्षाचा शब्द काढायला सांगितला तर काढा, वस्तुस्थिती काढायला सांगितली तर नकार द्या. कुटुंबाला ही प्रत लागतेच. त्यांच्या आरोग्य विम्याची कंपनी अपघात कसा झाला हे विचारते आणि दवाखान्याच्या कागदाव्यतिरिक्त दाखवायला त्यांच्याकडे दुसरं काही नसतं.

## ७. विमा कंपनीला जोडपत्र

हे कोरडं आणि छोटं असू द्या. पॉलिसी क्रमांक, मुदत, एका अपघाताची आणि एका वर्षाची मर्यादा, अनिवार्य वजावट, घटनेची आणि पहिल्या सूचनेची वेळ, पोलीस नोंदीचा क्रमांक, भरलेली रक्कम आणि तिच्या संमतीचा ईमेल, आलेल्या मागण्या, जोडलेल्या कागदांची यादी.

यात तीन गोष्टी विसरू नका. डेकोरेटरची स्वतःची दायित्व पॉलिसी आहे का, ते त्याला लेखी विचारा आणि उत्तर जोडा. नसेल तर ‘नाही’ हेही उत्तर जोडा. काही कार्यालयांच्या पॉलिसीत बाहेरच्या कंत्राटदाराच्या कामातून होणारी हानी वगळलेली असते. म्हणून झुंबर कोणी ठरवलं आणि बिल कोणी भरलं, हे करारपत्राच्या आधारे स्पष्ट करा. आमच्याकडे डेकोरेटर कार्यालयाच्या यादीतला होता, पण पैसे कुटुंबाने थेट दिले होते. या एका मुद्द्यावर सर्व्हेअरने बराच वेळ घेतला. दुसरं, कुटुंबाने लग्नाचा विमा काढला होता का, तेही विचारा, त्यात दायित्वाचा भाग असू शकतो.

तिसरं, जखमींत कामगार असेल तर त्याला पाहुण्यांच्या दाव्यात मिसळू नका. आमचा वाढपी केटररचा माणूस होता. कामगाराच्या इजेचा मार्ग कर्मचारी नुकसानभरपाईच्या वेगळ्या कायद्यातून जातो आणि त्याची पॉलिसी वेगळी असते. केटररला त्याच दिवशी लेखी कळवा, नाहीतर दोन्ही मालक एकमेकांकडे बोट दाखवतात आणि तो पोरगा उपचाराविना घरी बसतो.

## ८. पाठवल्यानंतर

सर्व्हेअर येईल तेव्हा खोलीची किल्ली, चिठ्ठ्यांची यादी आणि डीव्हीआर घेऊन स्वतः हजर राहा. तो काही तपासायला नेणार असेल तर काय नेलं याची सही घ्या. त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा. अंदाज सांगितला की तो तुमच्या नावाने अहवालात जातो.

एकदा सही झालेलं घटनावृत्त बदलायचं नाही. काही चुकलं किंवा नवं कळलं तर तारीख घालून पुरवणी काढा आणि ती दोन्हीकडे एकाच दिवशी पाठवा. आमच्या पहिल्या प्रतीत घटनेची वेळ ‘सुमारे १२:५०’ होती. चित्रणातला फरक वजा केल्यावर ती १२:४६ निघाली, तेव्हा तीन ओळींची पुरवणी काढली.

लेखी मागणी किंवा वकिलाची नोटीस आली की उत्तर देऊ नका. पोच द्या आणि त्याच दिवशी मूळ कागद विमा कंपनीकडे पाठवा, प्रत स्वतःकडे ठेवा. बचावाचं काम अशा पॉलिसीत कंपनी स्वतःच्या हातात घेऊ शकते, आणि तुम्ही रागाच्या भरात दिलेलं उत्तर तिच्या आड येतं.

गोण्या आणि खोकी केव्हा मोकळी करायची? पोलीस, विमा कंपनी आणि जखमींची कुटुंबं, तिघांचंही लेखी ना-हरकत हातात आल्यावर. डेकोरेटर कड्याचे पैसे मागत फोन करत राहील. त्यालाही हेच लेखी कळवा.